संसार मोडला, ते लिहायचं कसं

लग्न मोडल्यावर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक दोनच साच्यांतून येतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. नागपुरातल्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी अनुभवांचा विभाग बघते, श्रावण संपता संपता लेख यायला लागतात आणि त्यात संसार मोडल्याचे काही ना काही असतातच, बायकांचे जास्त, पुरुषांचे अगदी कमी. एक साचा आरोपाचा, की तो असा होता, त्याच्या घरचे तसे होते आणि मी सगळं सहन करत राहिले. दुसरा साचा निवेदनाचा, की आम्ही दोघांनी पूर्ण विचारांती, एकमेकांबद्दलचा आदर कायम ठेवून वेगळं व्हायचं ठरवलंय, आमच्या निर्णयाचा मान राखावा. पहिल्यात सगळा राग असतो, दुसऱ्यात सगळं इस्त्री केलेलं, आणि दोन्ही वाचून झाल्यावर त्या घरात नेमकं काय झालं ते कळतच नाही. माझं म्हणणं असं आहे की या दोन्हींच्या मधे लिहिता येतं, कोणावर ठपका न ठेवता आणि दुखलं ते न लपवता, आणि त्यासाठी मन फार मोठं असावं लागतं असं काही नाही, वाक्यं कशी लिहायची ते शिकावं लागतं.

हे साचे येतात कुठून ते आधी बघू, कारण ते आपल्या स्वभावातून आलेले नाहीत, कोर्टातून आलेत. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, आणि तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे, म्हणजे आपल्या नागपुरात ओळखीच्या बहुतेक घरांना तोच कायदा. त्यात घटस्फोट मागायचा तर कलम १३ खाली कारण द्यावं लागतं, आणि कारण म्हणजे समोरच्याने केलेलं काहीतरी, क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार वगैरे. १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३-ब आलं, परस्पर संमतीचं, त्यात कोणाचं चुकलं हे सांगायची गरजच नाही. एक वर्ष किंवा जास्त काळ वेगळे राहतोय, एकत्र राहणं जमलं नाही आणि लग्न संपवायला दोघं तयार आहोत, एवढी तीन विधानं पुरतात. मग दुसऱ्या अर्जाआधी सहा महिने थांबायचं, ते थांबणंसुद्धा कोर्टाला योग्य वाटलं तर माफ होऊ शकतं असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मधे अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सांगितलं.

म्हणजे कायद्याने आपल्याला दोनच भाषा दिल्या, एक ठपक्याची आणि एक तीन वाक्यांची. आणि पहिल्या भाषेत अजून एक गोष्ट होते जी लिहिणाऱ्यांनी समजून घेतलीच पाहिजे. २००७ मधे समर घोष विरुद्ध जया घोष या निकालात सुप्रीम कोर्टाने मानसिक क्रूरता कशाला म्हणायचं याची उदाहरणं दिली, त्यात स्पष्ट म्हटलंय की नुसता थंडपणा, प्रेम नसणं म्हणजे क्रूरता होत नाही, रोजच्या संसारातली कुरबुर, झीज हीसुद्धा पुरेशी नाही. कायदा म्हणून ते बरोबरच आहे, उगाच कोणाला क्रूर ठरवू नये. पण विचार करा, बहुतेक लग्नं मोडतात ती याच झिजेने, आणि समोरचा जर संमती द्यायला तयार नसेल तर तुम्हाला ती झीज क्रूरतेपर्यंत चढवून लिहावीच लागते, नाहीतर केस उभीच राहत नाही. 'तो फारसा बोलत नसे' याचं पिटिशनमधे 'प्रतिवादीने अर्जदारास हेतुपुरस्सर व सातत्याने मानसिक छळ दिला' असं होतं. वकिलाचा त्यात दोष नाही, त्याला तेच काम दिलंय. प्रॉब्लेम असा की तो कागद बाई दहा वेळा वाचते, नवरा दहा वेळा वाचतो, उलटतपासणीची तयारी करताना पाठ होतो, आणि मग दोन-तीन वर्षांनी स्वतःचं म्हणून लिहायला बसलं की आठवण त्याच भाषेत वर येते. मला आलेल्या एका लेखात चक्क 'सदर घटनेनंतर' असं आलं होतं, स्वतःच्या हनिमूनबद्दल.

विधी आयोगाने १९७८ च्या ७१ व्या अहवालातच म्हटलं होतं की लग्न पुन्हा सांधता येणार नाही इतकं तुटलंय हेच घटस्फोटाचं कारण धरा. २०१३ मधे तसं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं, पुढे ते कायदा काही झालं नाही. २०२३ मधे शिल्पा शैलेश प्रकरणात घटनापीठाने सांगितलं की सुप्रीम कोर्ट राज्यघटनेच्या कलम १४२ ने दिलेल्या स्वतःच्या अधिकारात असं लग्न संपवू शकतं, पण ती सोय फक्त तिथली, इथल्या फॅमिली कोर्टात तुम्ही ती मागू शकत नाही. इंग्लंडने मात्र एप्रिल २०२२ पासून ठपक्याची अटच काढली. आपल्याकडेही ती काढली पाहिजे असं माझं मत आहेच, पण कायदा बदलेपर्यंत निदान कोर्टाबाहेर लिहिताना तरी आपण ती भाषा कशाला वापरावी.

आता एक उदाहरण नीट घेते. माझ्या ओळखीची एक जण, तिच्या परवानगीने सांगतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. तिने लेख पाठवला त्यात एक परिच्छेद असा होता:

'त्याला माझ्या माणसांशी कधीच देणंघेणं नव्हतं. माझ्या बाबांची बायपास होती त्या दिवशीसुद्धा तो मुद्दाम पुण्याला निघून गेला, मला एकटं पाडण्यासाठी. एक फोनसुद्धा केला नाही. असा माणूस.'

मी तिला म्हटलं, अगं हे वाचून मला तुझा राग कळला, पण तो दिवस नाही कळला. तिने मग आठवड्याने दुसरा ड्राफ्ट पाठवला, त्यात ते सगळं काढून टाकलं होतं आणि त्या जागी होतं, 'याच काळात काही कौटुंबिक अडचणी आल्या आणि आमच्यातला दुरावा वाढत गेला.' म्हणजे ठपका गेला, आणि बाबा गेले, बायपास गेली, पुणं गेलं, तीही गेली. तिला वाटलं मी सौम्य लिहायला सांगतेय. बहुतेकांना असंच वाटतं आणि इथेच गाडी अडते.

मग आम्ही फोनवर बसलो आणि मी फक्त विचारत गेले. तू काय पाहिलंस, काय ऐकलंस, काय केलंस. तो का गेला हे विचारलंच नाही, कारण ते तिला माहीत असणं शक्य नव्हतं, ती त्याच्या डोक्यात नव्हती. पहिल्या परिच्छेदातले कोणते शब्द त्याच्या डोक्यात शिरतात बघा, 'मुद्दाम', 'एकटं पाडण्यासाठी', 'देणंघेणं नव्हतं'. हे तिन्ही तिचे अंदाज आहेत. आणि 'कधीच' हा शब्द म्हणजे तर अख्ख्या संसारावरचा निकाल आहे. हे काढले की उरतं काय, तर बाबांची बायपास, पुणं आणि न आलेला फोन. तेवढ्यावर ती बोलायला लागली आणि शेवटी जे लिहिलं ते असं:

'मे महिना होता. बाबांना सकाळी सातला आत नेणार होते. तो सहाला पुण्याला जायला निघाला, ऑफिसची मीटिंग पंधरा दिवस आधी ठरली होती. दारात म्हणाला, झालं की फोन कर. मी हो म्हटलं. चारला डॉक्टर बाहेर आले, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले, मी आईला सांगितलं, दादाला सांगितलं, काकांना सांगितलं. त्याला फोन केला नाही. मला बघायचं होतं तो करतो का. त्याने केला नाही. रात्री एकला घरी आले, कूलर लावला तर गरम हवा, टाकीत पाणी नव्हतं. कूलर भरायचं काम त्याचं असायचं, पाईप कुठे ठेवतो ते मला माहीतच नव्हतं. मी बादलीने भरला, पाच बादल्या. शेवटची ओतताना खाली बसले आणि मग उठताच येईना. पंपाचा आवाज ऐकत तिथेच फरशीवर सकाळ झाली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दुसरा कूलर घेतला, दुसऱ्या खोलीसाठी. उकाडा फार होतो असं दोघांनीही म्हटलं.'

यात ठपका कुठे आहे सांगा. तो गेला हे आहे, फोन आला नाही हे आहे. तिने केला नाही हेही आहे, आणि का केला नाही तेही आहे, कारण स्वतःच्या डोक्यात काय होतं ते सांगायचा तिला पूर्ण हक्क आहे. पहिल्या ड्राफ्टमधे ही गोष्ट नव्हती बरं का. रागाने लिहिताना ती आठवतच नाही, आणि निवेदनाच्या भाषेत तिला जागाच नसते. आणि दुखणं बघा, ते पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. फरशीवर बसलेली बाई दिसते. दुसऱ्या खोलीत कूलर आला यातून लग्न कुठवर आलं होतं ते ज्याने नागपूरचा मे काढलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही, कारण इथे उन्हाळ्यात अख्खं घर एकाच कूलरच्या खोलीत गाद्या टाकून झोपतं, भांडण झालेलं असलं तरी झोपतं.

म्हणून मी लेख पाठवणाऱ्यांना सांगते की ड्राफ्ट झाला की पेन्सिल घेऊन बसा आणि दोन प्रकारचे शब्द गोल करा. एक म्हणजे 'कधीच, नेहमी, कायम, सगळं' हे, आणि दुसरे म्हणजे जिथे जिथे समोरच्याचा हेतू आलाय ते, मुद्दाम, जाणूनबुजून, दाखवण्यासाठी, अमुक व्हावं म्हणून. पहिल्या प्रकारच्या प्रत्येक शब्दाच्या जागी एक दिवस शोधा. 'तो नेहमी मला चारचौघात खाली बघायला लावायचा' याच्या जागी कोणाचं तरी वास्तुपूजन, कोण कोण बसलं होतं, तो नेमकं काय बोलला, त्याचेच शब्द, तुम्ही त्यावर काय केलंत. एकही दिवस आठवला नाही तर ते वाक्य काढा, कारण मग ते तुमचं नसतं, बहिणीचं असतं, मैत्रिणीचं असतं, वकिलाचं असतं. हेतूवाले शब्द काढून वाक्य उभं राहतं का बघा. बहुतेक वेळा राहतं, आणि जास्त लागतं.

दुसऱ्या टोकाची खूण वेगळी आहे. तिथे कर्ताच गायब होतो. दुरावा निर्माण झाला, संवाद कमी होत गेला, गैरसमज वाढले, निर्णय घेण्यात आला. मराठीत असं लिहिणं फार सोपं जातं, आपल्या शाळेच्या निबंधांपासून सरकारी पत्रांपर्यंत सगळीकडे गोष्टी आपोआप घडत असतात. पण संवाद काही हवामान नाहीये, कोणीतरी बोलायचं थांबलं म्हणून तो कमी झाला. कोण थांबलं, कधी, त्या दिवशी जेवायला काय होतं, टीव्ही चालू होता का. प्रत्येक अशा वाक्यात एक माणूस परत आणून बसवायचा, त्याचं नाव किंवा 'मी' किंवा 'ती', आणि ते केलं की लगेच कळतं की त्या गुळगुळीत वाक्याखाली एक खरीखुरी रात्र दडवली होती.

आणि अजून एक पळवाट आहे, 'चूक दोघांचीही होती' ही. हे वाक्य समजूतदार वाटतं म्हणून लोक शेवटी टाकून देतात, पण तोही निकालच आहे की, फक्त अर्धा-अर्धा वाटलेला. ठपका ठेवायचा नाही म्हणजे तो समान वाटायचाही नाही. कोणाचं किती चुकलं हे मोजणं ज्याला करायचं तो वाचक करेल किंवा करणार नाही. कूलरवाल्या परिच्छेदावर दोन वाचकांची मतं अगदी उलटी आली, एक म्हणाले मीटिंग सोडायला हवी होती, दुसऱ्या एक काकू म्हणाल्या की फोन कर म्हणाला होता ना, मग करायचा. दोघांनाही ती फरशीवर बसलेली मात्र विसरता आली नाही. लेखाने यापेक्षा जास्त काय करायला हवं, मला माहीत नाही.

आता यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो मी मनापासून गंभीर मानते. बायका म्हणतात, ताई, आधीच आम्हाला आयुष्यभर सांगितलंय की घरचं बाहेर बोलू नको, नवऱ्याला नावं ठेवू नको, आता लिहितानाही तेच सांगून राहिलात का. मार खाल्लेल्या बाईने 'दोष न देता' लिहायचं म्हणजे काय. माझं उत्तर सरळ आहे. त्याने हात उचलला असेल तर 'त्याने हात उचलला' असंच लिहायचं, कुठल्या हाताने, कुठे लागलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय सांगितलं, सगळं लिहायचं. ते ठपका ठेवणं नव्हेच, घडलं ते सांगणं आहे. मी जी पद्धत सांगतेय तिच्यात घटना एकही काढायची नाही, फक्त हेतू आणि स्वभावाचे शिक्के काढायचे. मारहाण, हुंड्यासाठी पैसे मागणं, कोंडून ठेवणं अशा ठिकाणी 'त्याचीही बाजू असेल' म्हणून घटना मऊ करणं ही फसवणूक आहे, वाचकाचीही आणि स्वतःचीही. आणि तिथे मी तर म्हणते की लेखाच्या आधी तक्रार, वैद्यकीय कागद, संरक्षण अधिकारी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जे मिळतं ते, मग लेख. मी बोलतेय ते त्या लग्नांबद्दल जिथे कोणी कोणाला मारलं नाही आणि तरी ते संपलं, आणि अशी लग्नं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, फक्त त्यांना सांगायला भाषा मिळालेली नाही. उलट 'त्याने मारलं का? दारू पितो का? मग काय झालं?' हे विचारून आपणच त्या बाईला काहीतरी वाढवून सांगायला भाग पाडतो, माहेरच्या दिवाणखान्यातही तेच होतं जे कोर्टात होतं.

पुरुषांचं थोडं सांगते कारण त्यांच्याकडून लेख येतच नाहीत, आणि आले तर त्यात राग किंवा पोटगीचा हिशोब. एक लेख मात्र आला होता, बँकेत काम करणाऱ्या एका गृहस्थांचा, म्युच्युअलने झालेला घटस्फोट, त्यांनी फक्त सामान वाटण्याचा एक दिवस लिहिला होता. संमतीच्या अर्जात अटी असतात ना, स्त्रीधन परत दिलं, एकरकमी रक्कम अमुक, मुलगी आईकडे, महिन्यातले दोन शनिवार वडिलांकडे, तशी स्त्रीधनाची यादी घेऊन ते आणि त्यांच्या बायकोचा भाऊ स्वयंपाकघरात बसले होते. आपल्याकडे लग्नात स्टीलची भांडी येतात त्यावर नावं घातलेली असतात, देणाऱ्याचं नाव, नवरा-नवरीचं नाव, तारीख. म्हणजे प्रत्येक डबा उचलला की त्यावर दोघांची नावं आणि लग्नाची तारीख. भाऊ एकेक डबा उलटा करून वाचायचा, 'हे आमच्या मामांकडचं', की तिच्या ढिगात, 'हे तुमच्या आत्याचं', की यांच्या ढिगात. आणि पातेल्यांमधून एक गंज निघाला ज्यावर देणाऱ्याचं नाव घासून गेलं होतं, फक्त खालची दोन नावं आणि तारीख उरली होती. ते लिहितात, 'तो कोणाकडचा ते दोघांनाही आठवेना. साळ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घेऊन जा. तो म्हणाला, राहू द्या भाऊजी. मग तो ओट्यावरच राहिला, आणि रात्री मी त्यात चहा केला.'

इतकंच. बायकोबद्दल एकही वाईट शब्द नाही, चांगलाही नाही, ती त्या खोलीतसुद्धा नाहीये. आणि साळा अजून 'भाऊजी' म्हणतोय, कारण त्याला दुसरं काय म्हणायचं ते कळत नाहीये, हे त्यांनी नुसतं नोंदवलंय. मला तो लेख फार आवडला याचं कारण त्यांनी भावना सांगायचा प्रयत्नच केला नाही, जी गोष्ट हातात होती ती सांगितली. ज्यांना रडल्याचं लिहायला संकोच वाटतो अशा पुरुषांना मी आता हेच सांगते की सामान लिहा, कपाट लिहा, ईएमआय कोणाच्या खात्यातून जायचा आणि नंतर काय झालं ते लिहा, ते सगळं तुमच्यासाठी बोलेल.

आता छापण्याबद्दल, कारण इथे चूक झाली तर ती महागात पडते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे या कायद्याखालची सुनावणी बंद दाराआड होते आणि त्या कामकाजाबद्दल काही छापणं बेकायदा आहे, हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाचा निकाल कोर्टाच्या परवानगीने छापला तर तेवढा अपवाद. म्हणजे पिटिशनमधलं काय, जबाबात तो काय म्हणाला, समुपदेशकासमोर तिने काय कबूल केलं, हे लेखात टाकायचं नाही. मी असे उतारे सरळ परत पाठवते, आणि खरं सांगायचं तर लेखाचं त्यात काही नुकसान होत नाही, तुमचं घर तुमचं आहे, ते लिहायला कोर्टाचा कागद लागत नाही. दुसरं, बदनामी. खरं आहे म्हणून लिहिलं, एवढ्याने फौजदारी कायद्यात सुटका होत नाही, ते सांगणं सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. आणि नाव बदललं की झालं हा तर मोठाच गैरसमज. नागपूर इतकं मोठं झालंय तरी 'त्रिमूर्तीनगरात राहणारा, अमुक कॉलेजात शिकवणारा, तबला वाजवणारा' असं लिहिलं की निदान शंभर लोकांना तो कोण ते कळतं, आणि कळलं की नाव न लिहिण्याला अर्थ उरत नाही. गाव बदला, व्यवसाय बदला, छंद तर आधी बदला, कारण माणूस ओळखू येतो तो छंदावरून. मुलांच्या बाबतीत मी याहून कडक आहे, मूल अठराच्या खाली असेल तर त्याचं वय, शाळा, त्याने रडून काय म्हटलं यातलं काहीच नको. तो काय बोलला ते त्याचं आहे, मोठा झाल्यावर त्याला लिहायचं तर तो लिहील.

शेवटचा प्रश्न सगळ्याच विचारतात, छापायच्या आधी समोरच्याला दाखवायचं का. माझं मत, परवानगीसाठी दाखवायचं नाही, पण शक्य असेल तर दाखवायचं. तुम्ही फरशीवर बसलात हे लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. पण त्याचं आजारपण, त्याच्या घरातले पैशाचे व्यवहार, त्याने लग्नाआधीचं काही विश्वासाने सांगितलेलं, हे त्याचं आहे आणि त्यावर त्याचा शब्द चालला पाहिजे. आणि दाखवण्याचा एक फायदा मला अनुभवाने कळलाय, त्यावरून लेख नीट झालाय की नाही हे कळतं. समोरचा जर म्हणाला की 'हे असं झालं होतं, पण माझ्या मनात तसं नव्हतं', तर लेख बरोबर आहे, त्याच्या मनाबद्दल तुम्ही काही लिहिलेलंच नाही. तो म्हणाला की 'हे असं झालंच नाही', तर परत बसा, तारीख तपासा, जुने मेसेज बघा, तेव्हा तिथे अजून कोण होतं त्याला विचारा. त्यानंतरही तुमची आठवण तीच असेल तर 'मला असं आठवतं' हे शब्द घालून ठेवा, काढू नका.

कूलरवाला लेख तिने त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. दोन दिवस काही उत्तर नाही, मग त्याने दोन ओळी काढायला सांगितल्या. एक त्याच्या आईच्या औषधांबद्दलची होती, ती तिने लगेच काढली, ती तिथे नकोच होती असं मलाही वाटलं. दुसरी होती 'त्याने केला नाही' ही. त्याचं म्हणणं, फोन हातात घेतला होता, पण काही वाईट ऐकू आलं तर, या भीतीने लावला नाही. तिने मला विचारलं, आता काय करू, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मी म्हटलं, तेव्हा माहीत नव्हतं ना, मग त्या रात्रीच्या परिच्छेदात ते घालता येणार नाही, ओळ तशीच राहू दे. तिने त्याला तसं कळवलं आणि म्हटलं, तुझं तू लिही, मी अंकात द्यायला सांगते. आम्ही पानं मोकळी ठेवली होती, त्याने लिहिलं नाही, आणि लेख त्या ओळीसकट गेला.